‘फार छान’ म्हणजे नेमके काय?

परवा माझी भाची पुण्याहून आली ती तोंड पाडूनच. ती कपड्यांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम करते. त्यांना वर्गात एका जुन्या फॅशन शोची छायाचित्रे दाखवली होती आणि त्या कलेक्शनचे परीक्षण लिहायला सांगितले होते. हिने दोन पाने लिहून दिली. बाईंनी तांबड्या शाईने बहुतेक ओळी खोडल्या होत्या आणि खाली एवढेच लिहिले होते, “कपडे कुठे आहेत?”

“मावशी, मी एवढं मनापासून लिहिलं, आणि त्या म्हणतात कपडेच नाहीत!”

मी वही घेतली. ‘नजरेचे पारणे फेडणारे कलेक्शन’, ‘स्त्रीत्वाचा मनोहर आविष्कार’, ‘अप्रतिम रंगसंगती’, ‘डिझायनरची कल्पकता थक्क करणारी’. वाचायला गोड होते. पण डोळे मिटून मी एक तरी पोशाख डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, तर काही केल्या येईना. बाह्या लांब होत्या की आखूड? कापड अंगावर पडत होते की अंगापासून दूर उभे राहत होते? दोन पाने वाचूनही मला पत्ता नव्हता.

तिला मी काही बोलले नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली होती. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तांत लिहिण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. एका वर्षी मी लिहिले, ‘मुलींची वेशभूषा नेत्रदीपक होती.’ दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई फाटकाशी भेटली. तिने तीन रात्री बसून जुन्या साड्यांचे बारा घागरे शिवले होते आणि प्रत्येकाला आतून खळीचे अस्तर लावून घेर उभा केला होता. ती म्हणाली, “बाई, छान लिहिलंत. पण आम्ही केलं काय, ते कुठे आलं त्यात?” त्या वाक्याचा चटका मला अजून आहे. मोघम स्तुतीने कुणाचे काही जात नाही असे आपल्याला वाटते. पण ज्याने हाताने काम केलेले असते, त्याचे ते काम अशा स्तुतीत नाहीसे होते.

म्हणून त्या दुपारी आम्ही दोघी पुन्हा त्याच कलेक्शनसमोर बसलो. ते होते क्रिस्तियाँ दिओर या फ्रेंच डिझायनरचे पहिले कलेक्शन. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये, ३० अव्हेन्यू माँतेन या पत्त्यावर, त्याने ते दाखवले. आजच्यासारखा रॅम्प तेव्हा नव्हता. पाहुणे दालनात खुर्च्यांवर बसत आणि मॉडेल त्यांच्या अगदी जवळून जात. सुमारे नव्वद पोशाख होते. या कलेक्शनला जगभर ‘न्यू लुक’ म्हणतात, हे पुष्कळजणींनी ऐकले असेल.

आणि इथेच आम्हांला पहिला धडा सापडला. ‘न्यू लुक’ हे नाव दिओरने दिलेले नाही. ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या तोंडचे ते शब्द. पण नीट विचार करा. ‘नवे रूप’ म्हणजे काय? त्यावरून पोशाखाची एक रेघही काढता येत नाही. उद्या कुणीही काहीही शिवले तरी त्याला नवे रूप म्हणता येईल. दिओरने मात्र आपल्या कलेक्शनमधल्या दोन मुख्य घाटांना स्वतः नावे दिली होती. एक ‘कोरोल’, म्हणजे फुलाचा पाकळ्यांचा भाग. दुसरे, ‘आठ’. हा आपल्या मराठी आठासारखा नव्हे, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, म्हणजे वर एक गोल, खाली एक गोल आणि मध्ये चिमटा. ही दोन नावे ऐकताच हातात पेन्सिल घेऊन काहीतरी काढता येते की नाही? गाजले ते मोघम नाव, आणि खरे वर्णन करणारी दोन नावे मागे पडली.

मी भाचीला म्हटलं, “एक कसोटी ठेव. तुझ्या वाक्यावरून शिंप्याला खडूची निदान एक रेघ ओढता आली पाहिजे. नसेल येत, तर ते वाक्य खोड.”

आधी बाहेरची रेषा

फॅशनच्या लिखाणात ‘सिल्हूट’ असा शब्द येतो. घाबरून जाऊ नका. संध्याकाळी दिवा मागे असला की भिंतीवर माणसाची सावली पडते, त्या सावलीची कड म्हणजे सिल्हूट. तिच्यात रंग नाही, नक्षी नाही, बटणे नाहीत. डोळे किंचित बारीक करून पोशाखाकडे पाहिले की ती दिसू लागते.

ती शब्दांत धरायला तीन प्रश्न पुरतात. सर्वांत रुंद जागा कोणती? सर्वांत अरुंद कोणती? आणि कापड संपते कुठे? भाचीने आधी ‘आकर्षक, बांधेसूद आकृती’ असे लिहिले होते. आता तिने चित्राकडे पाहत उत्तरे द्यायला सुरुवात केली. खांदे गोलसर, बाहेर उतरत जाणारे. छाती किंचित उंचावलेली. सर्वांत अरुंद जागा कंबर. तिच्या लगेच खाली नितंबाशी एकदम फुगार. आणि कापड संपते पोटरीच्या खाली.

“झालं?” तिने विचारले.

“नाही. हे कशापेक्षा वेगळं आहे, ते सांगायला हवं.”

सावलीचा अर्थ शेजारच्या सावलीवरून कळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातल्या बायकांचे कपडे कसे होते? खांद्यांत गादी घालून ते चौकोनी केलेले, लष्करी गणवेशासारखे. झगा अरुंद आणि जेमतेम गुडघा झाकणारा, कारण कापडच मिळत नव्हते. ब्रिटनमध्ये तर बटणे किती आणि चुण्या किती असाव्यात याचेही नियम होते. त्या बाईची सर्वांत रुंद जागा होती खांदा. दिओरने ती रुंदी खांद्यावरून काढली आणि कमरेखाली नेऊन ठेवली. चौकोन उलटा करून घंटा केली म्हणा ना. ‘क्रांतिकारक बदल’ असे लिहिण्यापेक्षा ‘रुंदी खांद्यावरून नितंबावर आली आणि झग्याची कड गुडघ्यावरून पोटरीखाली गेली’ हे लिहिले, की क्रांती वाचणारीला आपोआप कळते.

इथे एक चूक फार होते, आणि भाचीकडूनही झाली होती. एकच प्रसिद्ध पोशाख पाहून तिने ‘सगळे झगे घेरदार होते’ असे लिहून टाकले होते. तसे नव्हते. घेरदार झगे ‘कोरोल’ घाटाचे. ‘आठ’ घाटात मात्र झगा अंगाबरोबर जाणारा, अरुंद होता आणि गोलाई फक्त छाती आणि नितंब यांना दिलेली होती. कलेक्शन म्हणजे एक कपडा नव्हे. म्हणून सगळे पोशाख ओळीने पाहून कोणती गोष्ट पुन:पुन्हा येते आणि कुठे बदलते, हे मोजायला हवे. इथे घेर बदलतो, पण बारीक कंबर आणि उतरता खांदा दोन्हीकडे आहेत. म्हणजे या कलेक्शनचा कणा घेर नाही, कंबर आहे. हा शोध भाचीला स्वतः लागला, आणि तिचा चेहरा जरा खुलला.

मग कापड

सावली झाली की पुढचा प्रश्न, ती उभी कशी राहिली? कापडाचे नाव सांगून भागत नाही. त्या कापडाला काय करायला लावले, ते सांगावे लागते. आणि या बाबतीत, बाई गं, आपण साडीवाल्या मुळीच मागे नाही.

त्या कलेक्शनमधला ‘शेरी’ नावाचा एक पोशाख आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. गडद निळ्या रेशमी तफेत्याचा. त्याला सुमारे साडेतेरा वार कापड लागले. साडेतेरा वार म्हणजे बरोबर दीड नऊवारी! पण ‘भरपूर कापड वापरले आहे’ एवढ्यावर थांबू नका. ते लावले कसे ते पाहा.

आपण परकर किंवा झगा बेततो तेव्हा साधारणपणे कापडाची लांबी कमरेपासून खाली सोडतो आणि घेर वाढवायला कळ्या जोडतो. ‘शेरी’त कापड आडवे लावले आहे. पन्हा कमरेपासून पोटरीपर्यंत उतरतो आणि लांबी कमरेभोवती फिरते. कापडाचा एक काठ कमरेशी आणि दुसरा काठ खाली घेराशी. आता हे कशासारखे झाले? अगदी आपल्या साडीसारखे! साडीचाही पन्हा कमरेपासून पावलांकडे जातो आणि लांबी भोवती फिरते. फरक असा, की आपण जास्तीचे कापड निऱ्या करून पुढे खोचतो आणि पदर वर नेतो. ‘शेरी’त सगळे जास्तीचे कापड कमरेभोवती चुण्यांत बसवून टाकले आहे. खालच्या कडेला कापडाचाच काठ असल्यामुळे तिथे जाड दुमड घालावी लागत नाही, आणि इतका मोठा घेर खाली हलका राहतो.

आम्ही कागदावर हिशेब केला. वरच्या चोळीला आणि बाह्यांना दोन वार गेले असे धरू. उरले साडेअकरा वार, म्हणजे चारशे चौदा इंच. कंबर चोवीस इंच धरली, तर कमरेच्या प्रत्येक इंचात सतरा इंचांहून अधिक कापड दाबून बसवायचे! आपण मुलीच्या परकराला तिप्पट-चौपट घेर दिला तरी सुईखाली कापड सरकता सरकत नाही. मग इथे काय झाले असेल?

त्याचे उत्तर कापडाच्या निवडीत आहे. तफेता पातळ असतो पण लुळा नसतो. त्याची चुणी पुस्तकाच्या पानासारखी दुमडते आणि दुमडलेली राहते. त्यामुळे कमरेशी सतरा पट कापड मावते, आणि कंबर सुटताच तेच कापड आपल्या ताठपणामुळे बाहेर झेप घेते. नितंबावर जो फुगार दिसतो त्यात याचा मोठा वाटा आहे. हेच जॉर्जेटमध्ये केले असते तर घेर अंगाला चिकटून खाली लोंबला असता. जाड लोकरीत केले असते तर कंबरच ढोलीसारखी दिसली असती, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेले असते.

“पण मावशी, लोकरीचाही आहे ना त्यात? तो काळा?”

तिचे बरोबर होते. या कलेक्शनमधला सर्वांत प्रसिद्ध पोशाख म्हणजे ‘बार’ नावाचा सूट. त्यात हस्तिदंती रंगाचे जाकीट आणि खाली काळ्या लोकरी कापडाचा चुण्यांचा झगा. जाकीट शांटुंगचे. शांटुंग म्हणजे सुतात मधूनमधून जाडी असलेले रेशीम. आपले टसर हाताला जसे किंचित खरखरीत लागते, त्याच जातीचे. इथे कंबर बारीक दिसण्याची युक्ती वेगळी आहे. जाकिटाचा खालचा भाग कमरेपासून बाहेर वळवून नितंबावर गोल बसवला आहे आणि त्याच्या आत गादी भरून तो फुगवला आहे. लोकरीच्या चुण्यांची कमरेजवळची जाडी त्या जाकिटाखाली झाकली जाते. आपल्या नजरेला झगा सुरू होतो तो थेट नितंबाच्या खाली. म्हणजे एकाच बारीक कमरेसाठी ‘शेरी’त पातळ कापडाच्या चुण्यांचे काम, आणि ‘बार’मध्ये शिवणीचे, गादीचे आणि इस्त्रीचे काम. परीक्षणात हा फरक आला, की वाचणारीला वाटते, ही बाई खरोखर पाहून आली.

एक पथ्य मात्र पाळायचे. आपल्याला जे दिसले ते ‘दिसले’ म्हणून लिहावे, आणि जे इतरांकडून कळले ते तसे सांगावे. छायाचित्रात गादी दिसत नाही. ती संग्रहालयातल्या लोकांनी जाकीट आतून पाहून सांगितली म्हणून आपल्याला कळते. तसेच कापडाचे हलणे. पुतळ्यावरचा कपडा हलत नाही. पण त्या दिवशी दालनात बसलेल्या पत्रकार बाईंनी लिहून ठेवले आहे, की मॉडेल इतक्या वेगाने गिरक्या घेत गेल्या की त्यांच्या घेराच्या फटकाऱ्याने ॲशट्रे कलंडले. हे वाक्य मी भाचीला तीनदा वाचायला लावले. त्यात एकही विशेषण नाही. पण घेर केवढा होता, कापडाला वजन किती होते, चालण्याचा वेग काय होता आणि पाहुणे किती जवळ होते, हे सारे त्यात आले आहे.

शेवटी कल्पना

‘कॉन्सेप्ट’ म्हणजे त्या कलेक्शनमागचा विचार. इथे लिहिणाऱ्यांचे पाय सर्वांत जास्त घसरतात, कारण शोच्या आधी हातात छापील पत्रक मिळते आणि त्यातली भाषा मोठी भारदस्त असते. ती जशीच्या तशी उतरवली की परीक्षण झाले असे वाटते. ते डिझायनरचे म्हणणे झाले, आपले परीक्षण नव्हे.

पद्धत सोपी आहे. डिझायनरचे म्हणणे एका वाक्यात लिहायचे आणि मग कपड्याला विचारायचे, ‘हे खरे आहे का?’

दिओरने १९५६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत सांगितले आहे, की गणवेशाच्या आणि चौकोनी खांद्यांच्या त्या काळानंतर त्याला फुलांसारख्या स्त्रिया रेखाटायच्या होत्या. ठीक. आता कपड्याला विचारू. खांदा मऊ झाला का? झाला. घेर पाकळ्यांसारखा उघडतो का? चुण्या देठाशी मिटलेल्या आणि खाली उमललेल्या, तेव्हा उघडतो. म्हणजे बाहेरून कल्पना खरी उतरली.

आणि आतून? दिओर त्याच आठवणींत सांगतो, की कपड्याला भारदस्तपणा यावा म्हणून त्याने तलम सुती कापडाचे किंवा तफेत्याचे अस्तर लावण्याची जुनी रीत पुन्हा आणली. कपडा बांधायचा, बाईच्या अंगाच्या वळणांवर उभारायचा, हा त्याचा आग्रह. आत अस्तर, गादी, आणि कंबर आवळायला पट्टा. फूल असे नसते. फुलाला कुणी आतून आवळत नाही. म्हणून भाचीने लिहिलेले ‘फुलासारखे हलके, मुक्त स्त्रीत्व’ हे वाक्य सुंदर असले तरी खोटे होते. बाहेर पाकळी आणि आत सांगाडा, असा तो कपडा होता. हे लिहिल्याने दिओरची निंदा होत नाही. उलट त्याची कारागिरी नेमकी कशात होती, ते कळते.

आणखी एक गोष्ट. कल्पना हवेत नसते, ती कुठल्यातरी दिवसांत जन्मते. १९४७ चा तो हिवाळा कडाक्याचा होता आणि पॅरिसमध्ये कोळशाचीही टंचाई होती. ब्रिटनमध्ये १९४१ पासून सुरू झालेले कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालू होते. अशा वेळी एका पोशाखाला साडेतेरा वार! ज्या बायका मुलांचे कपडे ठिगळे लावून वाढवीत होत्या, त्यांना काय वाटले असेल? काहींना संताप आला, काहींना आपल्यालाही एकदा असा घेर मिळावा असे वाटले, आणि पुष्कळजणींना दोन्ही वाटले असणार. दिओरला भांडवल पुरवणारे मार्सेल बुसाक हे कापडगिरण्यांचे मोठे मालक होते, हेही माहीत असलेले बरे. तेवढ्यावरून ‘कापड खपावे म्हणून घेर वाढवला’ असे म्हणता येणार नाही. पण घेर वाढल्याने ज्यांचा फायदा होणार होता त्यांत ते होते, एवढे खरे.

आपले मत द्यायचे ते इथे, सगळे सांगून झाल्यावर. आधी मत आणि मग वर्णन असे केले, की वर्णन मताच्या मागे फरफटत जाते.

दुसऱ्यांदा लिहिलेले

रात्री जेवणे झाल्यावर भाची ओट्याशेजारी स्टुलावर बसून पुन्हा लिहू लागली. मधूनमधून ‘मनोहर’ आणि ‘अप्रतिम’ डोके वर काढीत होते. ती आपणहूनच खोडत होती. तिच्या परवानगीने त्यातला थोडा भाग देते:

‘नव्वदेक पोशाखांत घाट मुख्यतः दोन. एकात झगा घेरदार, दुसऱ्यात अंगाबरोबर. दोन्हींत खांदा उतरता आणि कंबर ही सर्वांत अरुंद जागा. युद्धकाळातल्या कपड्यांची रुंदी खांद्यावर होती, ती इथे नितंबावर आली आहे. “शेरी” या निळ्या तफेत्याच्या पोशाखात कापड आडवे लावून त्याचा काठच कमरेशी आणि घेराशी ठेवला आहे. पातळ, ताठ तफेत्यामुळे चुण्या कमरेशी मावतात आणि तिथून सुटताच उभ्या राहतात. “बार”च्या जाकिटात हेच काम आत भरलेली गादी करते. डिझायनरला फुलासारखी स्त्री हवी होती. पाकळ्या दिसतात. पण त्या उभ्या राहाव्यात म्हणून बाईने आत आवळलेला पट्टा घालायचा आहे. मला “शेरी”ची चुण्यांची योजना सर्वांत आवडली, कारण तिथे घाट कापडाच्या स्वभावातून आला आहे. “बार”चा घाट कापडावर लादलेला आहे, आणि तो घालून बाईला आरामात बसता येत असेल का, अशी शंका येते.’

यात ‘आवडली’ आहे, पण ‘कारण’ही आहे. शेवटच्या वाक्यावर कुणी तिच्याशी वाद घालू शकेल. ‘अप्रतिम’ या शब्दाशी वाद घालता येत नाही, म्हणून त्याचा उपयोगही होत नाही.

मी तिला शेवटची एक चाळणी सांगितली. लिहून झाले की डिझायनरचे नाव बोटाने झाकायचे आणि तिथे दुसऱ्या कुणाचे नाव घालून वाचायचे. वाक्य तसेच्या तसे चालले, तर ते या कपड्यांबद्दल नाही. तिच्या पहिल्या दोन पानांतली बहुतेक वाक्ये चालली असती. दुसऱ्यांदा लिहिलेल्यातली जवळजवळ चालत नाहीत.

बाईंनी या खेपेला खाली लिहिले, ‘आता कपडे दिसले. “बार” आवडला नाही, पण त्याची शिवण अजून नीट बघा.’ भाचीने फोनवर वाचून दाखवले तेव्हा जरा कुरकुरतच होती. पण बाईंचे म्हणणे मला पटले. न आवडलेल्या कपड्याकडे आपण कमी वेळ बघतो, आणि तिथेच चुकतो.

तुम्हांला करून बघायचे असेल तर फॅशन शोचीच वाट पाहायला नको. टीव्हीवर किंवा फोनवर एखाद्या शोचे दहा पोशाख ओळीने पाहा. आधी आवाज बंद ठेवून, म्हणजे निवेदकाची विशेषणे कानावर पडणार नाहीत. प्रत्येकाची रुंद जागा, अरुंद जागा आणि खालची कड लिहा. मग एकच पोशाख निवडून त्याचे कापड काय करते आहे ते चार ओळींत लिहा, आणि ते शेजारणीला वाचून दाखवून तिला कागदावर चित्र काढायला सांगा. तिचे चित्र आणि पडद्यावरचा पोशाख जिथे जुळणार नाहीत, तिथे तुमचे वाक्य कच्चे आहे. तशा चार ओळी मला जरूर पाठवा. चित्र मी काढून बघेन.

आणि हो, यंदाच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तांत मी लिहिला आहे. त्यात खळीच्या अस्तराची हकिगत आहे, आणि बारा घागरे कुणी शिवले होते, तेही आहे. चार वर्षे उशीर झाला, पण फाटकाशी त्यांना मासिक दिले तेव्हा त्या तिथेच उभ्या राहून वाचू लागल्या.